न मांडलेली यादी

कागदाच्या गिरणीतून ११ फूट रुंदीचे मोठे रोल निघतात, पण गिऱ्हाइकांना हवे असतात अरुंद रोल. समजा, आजची ऑर्डर ३ फुटांचे ४०, ४ फुटांचे २० आणि ५ फुटांचे २० अशी आहे. पाती कुठे कुठे लावायची आणि तशा मांडणीने किती रोल कापायचे, म्हणजे कमीत कमी रोल खर्ची पडतील?

एका रोलवर पाती लावण्याच्या प्रत्येक मांडणीला आपण आराखडा म्हणू. दोन ३ फुटी आणि एक ५ फुटी हा एक आराखडा, एक ३ फुटी आणि दोन ४ फुटी हा दुसरा. काठावर आणखी एकही तुकडा निघणार नाही असे आराखडे या ऑर्डरीत मोजून सहाच आहेत. सहाही लिहून काढायचे, प्रत्येकाचा एक रकाना करायचा आणि लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या हवाली करायचे. मग अडचण कुठे आहे? ती खऱ्या गिरणीत आहे. २०० इंची रोल आणि २० ते ८० इंचांच्या दरम्यानची ४० वेगवेगळी मापं असली, तर आराखड्यांची संख्या कोटीच्या घरात जाते. गिल्मोर आणि गोमोरी यांनी १९६१ च्या आपल्या निबंधात हेच उदाहरण दिलं होतं. एवढे रकाने मांडायला तेव्हाच्या संगणकात जागा नव्हती, आणि आजही ते मांडत बसणं शहाणपणाचं नाही.

या अडचणीतून निघालेली वाट एका जुन्या कल्पनेतून जाते. ती कल्पना म्हणजे किंमत. आणि गंमत अशी की ती अशा देशात रुजली, जिथे किंमत या शब्दाकडेच संशयाने पाहिलं जायचं.

१९३८ साली लेनिनग्राडच्या प्लायवूड ट्रस्टच्या प्रयोगशाळेने लिओनिद कान्तोरोविच या सव्वीस वर्षांच्या गणितज्ञाला एक प्रश्न विचारला. निरनिराळ्या यंत्रांवर निरनिराळ्या जातीचं लाकूड कसं वाटायचं, असा तो प्रश्न होता. पुढच्या वर्षी कान्तोरोविच यांनी उत्पादनाच्या नियोजनाच्या गणितावर एक पुस्तिका काढली. कापणीतला माल वाया जाऊ न देण्याचा प्रश्न तिच्यात आहेच. त्यांची युक्ती अशी होती की प्रत्येक अटीला एक आकडा जोडायचा. त्या आकड्यांना ते सोडवणारे गुणक म्हणत. ३ फुटी तुकड्याची मागणी ही एक अट आहे, तर तिचा गुणक म्हणजे तसा एक तुकडा जादा मागितला तर किती रोल जादा लागतील तो आकडा. अर्थशास्त्राच्या भाषेत ही त्या तुकड्याची किंमत झाली. पण सोव्हिएत शास्त्रात किंमत श्रमातून येत असे, समीकरणातून नव्हे. त्यामुळे ते नाव उघडपणे घेणं अवघडच होतं.

१९५१ मध्ये कान्तोरोविच आणि व्हिक्टर झाल्गालर यांचं औद्योगिक मालाच्या काटकसरीच्या कापणीवर एक पुस्तक लेनिनग्राडला प्रसिद्ध झालं. त्यात तुकड्यांना किमती लावून, त्या किमतींना सर्वांत फायद्याचा आराखडा हाताने शोधण्याची रीत दिलेली आहे. पश्चिमेत ही रीत नव्याने सापडायला आणखी दहा वर्षं लागली. तिकडे जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत आणली होती. १९५८ मध्ये फोर्ड आणि फुल्करसन यांनी एका जाळ्यातून अनेक मालांच्या वाहतुकीचा प्रश्न घेतला आणि सगळे मार्ग आधी न लिहिता लागेल तसा मार्ग शोधायचा, असं सुचवलं. १९६० मध्ये डँट्झिग आणि वुल्फ यांनी त्याला व्यापक रूप दिलं. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या गिल्मोर आणि गोमोरी यांनी कापणीच्या प्रश्नाला ही कल्पना लावली. त्यांचं हिशेबाचं गाडं प्रत्यक्षात कसं चालतं, ते आपल्या ऑर्डरीवरच पाहू.

सुरुवात अगदी बाळबोध करायची. फक्त तीन आराखडे घ्यायचे: एका रोलमधून तीन ३ फुटी, किंवा दोन ४ फुटी, किंवा दोन ५ फुटी. रोल तूर्तास अपूर्णांकात मोजू. म्हणजे १३⅓, १० आणि १०, एकूण ३३⅓ रोल लागले. आता किमती पाहा. एका रोलमधून तीन ३ फुटी तुकडे निघतात, तेव्हा एका तुकड्याची किंमत एक तृतीयांश रोल. ४ फुटी आणि ५ फुटी तुकड्यांची अर्धा-अर्धा रोल.

इथे खरी कलाटणी आहे. सिम्प्लेक्स विचारतो की उरलेल्या रकान्यांपैकी कुठला आत घेतल्याने खर्च उतरेल. एका रोलमधून निघणाऱ्या तुकड्यांची आजच्या किमतीने बेरीज एका रोलपेक्षा जास्त भरत असेल, तर तो आराखडा आत घेण्यासारखा. कोट्यवधी रकाने एकेक तपासण्याऐवजी गिल्मोर आणि गोमोरी यांनी उलटा प्रश्न केला: ११ फुटांत मावणारा सर्वांत जास्त किमतीचा संच कोणता? हाच तो नॅपसॅकचा प्रश्न. प्रवाशाच्या पाठपिशवीत ठरावीक वजन मावतं, प्रत्येक वस्तूला वजन आणि मोल असतं, तर काय भरावं? इथे वजनाच्या जागी फूट आहेत आणि मोलाच्या जागी आपल्या किमती.

नॅपसॅक सोडवण्यासाठी ० पासून ११ फुटांपर्यंत एक ओळ लिहायची. प्रत्येक फुटाखाली तेवढ्या रुंदीतून मिळणारं जास्तीत जास्त मोल मांडायचं. ३ फुटांना एक तृतीयांश, ४ आणि ५ फुटांना अर्धा. ६ फुटांत दोन ३ फुटी मावतात म्हणून दोन तृतीयांश, ७ फुटांत पाच षष्ठांश, ८ फुटांत दोन ४ फुटी म्हणजे पुरा एक. ९ फुटांतही एकच. १० फुटांत एक पूर्णांक एक षष्ठांश. ११ फुटांसाठी ८ फुटांच्या मोलात एक ३ फुटी मिळवला की एक पूर्णांक एक तृतीयांश होतात. प्रत्येक घर मागच्या घरांवरून भरतं. रोलची रुंदी हजार एककं असली तरी ओळ हजार घरांचीच राहते, आराखडे कितीही असोत.

तर एक ३ फुटी आणि दोन ४ फुटी हा आराखडा आत आला. हिशेब पुन्हा केला की नवा आराखडा १० रोल, तीन ३ फुटींचा १० रोल आणि दोन ५ फुटींचा १० रोल, एकूण ३०. आता ४ फुटीची किंमत बदलते. नव्या आराखड्यात एक ३ फुटी म्हणजे एक तृतीयांश रोल, तेव्हा दोन ४ फुटींच्या वाट्याला दोन तृतीयांश उरतात. प्रत्येकी एक तृतीयांश. या किमतींनी पुन्हा नॅपसॅक सोडवला तर दोन ३ फुटी आणि एक ५ फुटी या आराखड्याचं मोल एक पूर्णांक एक षष्ठांश निघतं. तोही आत. तो १५ रोल वापरला जातो, आधीचा १० रोल, आणि दोन ५ फुटींचा अडीच रोल. तीन ३ फुटींचा बाळबोध आराखडा गळून पडला. एकूण साडेसत्तावीस रोल.

तिसऱ्या फेरीच्या किमती अशा आहेत: ३ फुटी पाव रोल, ५ फुटी अर्धा आणि ४ फुटी तीन अष्टमांश. ४ फुटीची किंमत अर्ध्यावरून एक तृतीयांशावर घसरली आणि परत चढली. हा योगायोग नाही. मोठ्या प्रश्नांत किमती अशाच हेलकावे खातात, कित्येक फेऱ्या निरुपयोगी रकाने आणण्यात जातात, आणि त्यांना आवर घालण्याच्या युक्त्यांवर स्वतंत्र संशोधन झालेलं आहे. आपल्याकडे मात्र या किमतींनी नॅपसॅकचं उत्तर बरोबर एक येतं, जास्त नाही. म्हणजे न लिहिलेल्या आराखड्यांतही फायद्याचा एकही शिल्लक नाही. सुरुवातीचा दोन ४ फुटींचा आराखडा सोडला, कारण त्यात आणखी एक ३ फुटी मावतो, तर आपण सहापैकी चारच आराखडे हाताळले. उरलेले दोन, म्हणजे दोन ३ फुटी नि एक ४ फुटी हा आणि एक ४ फुटी नि एक ५ फुटी हा, कधी लिहिलेच नाहीत, तरी त्यांच्याबद्दलची खात्री झाली. माझ्या मते साऱ्या कल्पनेचा प्राण इथे आहे. वेग हा त्यानंतरचा लाभ.

संगणकावर एक खबरदारी लागते. अपूर्णांक दशांशात गेले की नॅपसॅकचं उत्तर १.०००००००००३ असं येतं आणि आधीच आत असलेला आराखडा नवा म्हणून परत येत राहतो. तोच रकाना दुसऱ्यांदा दिसला की समजावं, गोष्ट किमतीची नाही, पूर्णांकनाची आहे. म्हणून एकापेक्षा ठरावीक सूक्ष्म अंतराने जास्त असेल तरच आत घ्यायचं. मधेच थांबायचं असलं तरी एक आधार हाती असतो. चालू एकूण रोलना नॅपसॅकच्या उत्तराने भागलं की खालची मर्यादा मिळते. फार्ली यांनी १९९० मध्ये ती मांडली. पहिल्या फेरीत ३३⅓ भागिले एक पूर्णांक एक तृतीयांश, म्हणजे २५. पंचविसाखाली उत्तर जाणार नाही, हे तेव्हाच कळलं होतं.

गिरणीच्या अटी कुठे बसवायच्या, याचंही उत्तर सोयीचं निघालं. यंत्रावर पाती मोजकीच लावता येतात, म्हणून एका रोलमधून ठरावीक संख्येपेक्षा जास्त तुकडे निघत नाहीत. ही अट नॅपसॅकमध्ये घालायची. वरच्या हिशेबाला तिचा पत्ताही लागत नाही. १९६३ च्या दुसऱ्या निबंधात गिल्मोर आणि गोमोरी यांनी हे केलं, आणि नॅपसॅक जलद सोडवण्याची आणखी एक रीतही दिली.

साडेसत्तावीस रोल मात्र कोणी कापू शकत नाही. आपल्याकडे अडीचचे तीन केले की २८ रोलमध्ये काम भागतं आणि एक ५ फुटी तुकडा जादा उरतो. साडेसत्तावीसच्या वरचा पहिला पूर्णांक २८ असल्यामुळे याहून चांगलं उत्तर असूच शकत नाही. मागणी शेकड्यांत असेल तर असं वर ढकलणं चालून जातं. पण प्रत्येक मापाचे दोन-चारच तुकडे हवे असतील, तर दहा रकाने वर ढकलले की कित्येक रोल फुकट जातात. मग एखादा आराखडा किती वेळा वापरायचा, यावर फांद्या पाडून शोध घ्यावा लागतो, आणि तिथे जुनी सोय अंगलट येते. समजा, एका फांदीवर एखादा आराखडा जास्तीत जास्त दोनदाच वापरायचा ठरवला. त्याची मर्यादा भरली तरी किमतींच्या दृष्टीने तो आकर्षकच राहतो, आणि नॅपसॅक तोच परत सुचवतो. मग दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकाचं उत्तर मागावं लागतं. नाहीतर फांद्या अशा रीतीने पाडाव्या लागतात की नॅपसॅकचं मूळ रूप फारसं बिघडणार नाही. नव्वदच्या दशकात या एका दुखण्यावर बरंच काम झालं.

पूर्णांकांत शिरलं की किमतीच अपुऱ्या पडतात. आपल्या तुकड्यांच्या किमतींची बेरीज साडेसत्तावीस येते आणि खर्च २८ रोल होतो. मधला अर्धा रोल कुठल्याच मापाच्या खात्यावर टाकता येत नाही. हा फरक किती वाढू शकतो? शायथाउअर आणि टेर्नो या जर्मन गणितज्ञांचा तर्क असा की लिनिअर प्रोग्रॅमिंगचं उत्तर वरच्या पूर्णांकापर्यंत नेलं, तर खरं उत्तर त्यापेक्षा फार तर एका रोलने जास्त असेल. हा तर्क अजून कोणी सिद्ध केलेला नाही, आणि त्याला खोटं पाडणारी ऑर्डरही अजून कोणाला सापडलेली नाही.