आधी परिपत्रक वाच, मग पेढे वाट

बस समोर. मोबाईल उलटा ठेव आणि ऐक. घराचं बुकिंग करून आलास, दोन लाख सदुसष्ट हजारांचं अनुदान मिळणार म्हणून पेढेही वाटलेस. परिपत्रक वाचलंस का? नाही. साईट ऑफिसातल्या पोराने छापील कागद हातात दिला आणि तू मान डोलावलीस. दहावीत गणिताला चांगले गुण होते तुला. गेले कुठे?

हा दोन लाख सदुसष्ट हजारांचा आकडा पंतप्रधान आवास योजनेच्या जुन्या टप्प्यातला. सहा लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना सहा लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज-अनुदान मिळायचं. ते मार्च २०२२ मध्ये बंद झालं. मध्यम उत्पन्न गटाचं तर त्याच्याही आधी, मार्च २०२१ मध्ये. १२ लाखांपर्यंत उत्पन्न आणि १६० चौरस मीटर, १८ लाखांपर्यंत उत्पन्न आणि २०० चौरस मीटर ही कोष्टकं त्याच काळातली. शिळा कागद तुझ्या हातात कोंबला आणि तुला वासही आला नाही!

आता चालू आहे ते १ सप्टेंबर २०२४ पासूनचं. उत्पन्न तीन लाखांपर्यंत, सहापर्यंत आणि नऊपर्यंत असे तीन गट. त्यापुढे काही नाही. आणि उत्पन्न म्हणजे तुझा एकट्याचा पगार नव्हे. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून कुटुंब. तुझे पाच लाख चाळीस हजार आणि सूनबाईंचे तीन लाख वीस हजार, झाले आठ लाख साठ हजार. अर्जात तू बसलास अल्प उत्पन्न गटात! बायकोची कमाई घर चालवायला चालते आणि फॉर्म भरताना दिसत नाही?

फ्लॅटच्या आकाराची काळजी तू उगाच करतोस. चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतलं, १२० चौरस मीटरपर्यंत चालतं. ते जवळजवळ १,२९० चौरस फूट होतं. तुझा फ्लॅट आहे ५८० चौरस फुटांचा; बिल्डर ७८० सांगतो ते विक्रीचं क्षेत्रफळ, ते विसर. तू अडणार आहेस किमतीवर. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत हवं. तुझं घर साडेछत्तीस लाखांचं. त्यावर त्या पोराने तोडगा काय दिला? करारनाम्यात ३४ दाखवू, वरचे अडीच रोख द्या. आणि तू हसून हो म्हणालास! मुद्रांक शुल्क बुडवायचं, बेहिशेबी रोकड द्यायची आणि वर सरकारला खरेपणाचं शपथपत्र लिहून द्यायचं? किंमत खरोखर ३५ च्या आत आणता येत असेल तर आण. नसेल तर अनुदानाचा नाद सोड.

आणि त्या अनुदानाचा हिशेब तरी केलास? चार टक्के सगळ्या २५ लाखांवर मिळत नाहीत. ते पहिल्या आठ लाखांवर, तेही फार तर १२ वर्षांच्या मुदतीचा हिशेब धरून. जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे वर्षाला ३६ हजार, आणि तेही कर्जखात्यात जमा होणार, तुझ्या खिशात नव्हे. सोफ्याचे पैसे यातून काढणार होतास ना?

आता तू अजिबात न पाहिलेली अट. प्रत्येक हप्ता देताना कर्ज चालू असलं पाहिजे आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असलं पाहिजे. तुझा बेत काय, तर दोन वर्षांनी शेताचे बारा लाख आले की कर्जात भरायचे. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं २५ लाखांचं कर्ज दोन वर्षांत साधारण २४ लाखांवर येतं. त्यात बारा भरलेस की उरले बारा, साडेबाराच्या खाली. दोन हप्ते मिळाले असतील तर उरलेले तीन गेले, एक लाख आठ हजार. भरू नको असं मी म्हणत नाही. त्या बारा लाखांवर वर्षाला लाखभर व्याज वाचतं, त्यामुळे भरणंच फायद्याचं ठरू शकेल. पण काय सोडतोयस ते माहीत असून सोड.

आणि गावचं घर? वडील गेल्यावर वारस नोंद झाली, त्यात तुझं नाव आहे की नाही? देशात कुठेही कुटुंबातल्या कुणाच्या नावावर पक्कं घर नसावं, ही अट आहे. हिस्सा छोटा आहे म्हणून गप्प बसू नकोस. बँकेला लेखी विचार, उत्तरही लेखी घे. शपथपत्रावर सही त्यानंतर. उद्या करारनाम्याचा मसुदा, दोघांचे पगाराचे कागद आणि गावच्या घराचा उतारा घेऊन ये. पेढे नकोत.