नाही म्हणावं, नातं ठेवावं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या काही महिन्यांत केंद्रात सेवेला येणाऱ्या बऱ्याच भगिनींनी एकच अडचण सांगितली. जवळची मैत्रीण, जाऊ किंवा शेजारीण एखाद्या साखळी विक्रीच्या कंपनीत जॉइन झालेली असते. "तू पण ये माझ्याखाली, दोघींचं भलं होईल," म्हणून ती मागे लागते. हो म्हणावं तर मन कबूल होत नाही, आणि नाही म्हणावं तर वीस वर्षांची मैत्री तुटेल अशी भीती वाटते. मग कुणी फोन उचलायचं बंद करतं, कुणी भजनाला यायचं टाळतं. या आठवड्याचं चिंतन याच विषयावर आहे.

*बोलण्याचं तप*

गीतेच्या १७ व्या अध्यायात, १५ व्या श्लोकात, भगवंतांनी वाणीचं तप सांगितलं आहे. बोलणं ऐकणाऱ्याच्या मनाला उद्वेग न देणारं असावं, खरं असावं, गोड असावं आणि हिताचं असावं. आपण बहुतेक वेळा यातलं एकच धरतो. गोड बोलायचं म्हणून "बघू या की, सांगतो नंतर" म्हणतो, तेव्हा खरं सुटतं. खरं बोलायचं म्हणून "अगं, हे सगळं फसवणुकीचं आहे, तुला कळत कसं नाही?" म्हणतो, तेव्हा समोरच्या जिवाला उद्वेग होतो. मैत्रिणीला नाही म्हणताना हे चारही सांभाळायचे असतात, म्हणूनच त्याला तप म्हटलंय.

तुकाराम महाराजांच्या चरित्रात याचं सुंदर उदाहरण आहे. घरची सावकारी होती. लोकांकडून येणं असलेल्या पैशांची खतं घरात होती. महाराजांना ती नकोशी झाली, पण धाकटे बंधू कान्होबांना संसार चालवायचा होता. तेव्हा महाराजांनी खतांचे दोन वाटे केले. निम्मी कान्होबांना दिली आणि फक्त आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. "तूही सोड" असा आग्रह भावाला केला नाही, आणि भावासाठी स्वतःचा निर्णयही बदलला नाही. पुढे महाराजांचं वैकुंठगमन झाल्यावर त्याच कान्होबांनी भावाच्या विरहाचे अभंग रचले. आपल्याला हेच जमवायचं आहे. आपल्या वाट्याचा निर्णय आपण घ्यायचा आणि तिच्या वाट्याचा तिला घेऊ द्यायचा.

*आधी आपल्या मनाशी हिशेब*

नाही म्हणणाऱ्याला आपण नाही का म्हणतोय हे पक्कं ठाऊक असलं की आवाज चढत नाही. म्हणून हा हिशेब एकदा करून ठेवावा. समजा प्रत्येकीनं सहा जणी जोडायच्या. पहिल्या पायरीला ६, दुसऱ्याला ३६, तिसऱ्याला २१६, चौथ्याला १,२९६, पाचव्याला ७,७७६ आणि सहाव्या पायरीला ४६,६५६. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या संकेश्वरात, पाळण्यातली पोरं धरूनसुद्धा, इतकी माणसं नव्हती. म्हणजे शेवटी जॉइन होणाऱ्यांना आपल्याखाली जोडायला माणूसच उरत नाही, आणि साखळीत सगळ्यात जास्त संख्या नेमकी त्यांचीच असते.

माल विकून कमाई करणं आणि माणसं जोडून कमाई करणं, यात कायदाही फरक करतो. फक्त नवीन माणसं भरती करून पैसे फिरवणाऱ्या योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. अशी योजना चालवणं जसं मना आहे, तसं तिचं सभासद होणंही मना आहे. थेट विक्रीसाठी २०२१ चे वेगळे नियम आहेत आणि त्यांतही पिरॅमिड योजनेला मनाई केलेली आहे. तेव्हा मनाशी एकच प्रश्न विचारावा: उद्यापासून नवीन कुणीच जॉइन झालं नाही, तरी केवळ साबण-पावडर विकून हिला पैसे मिळतील काय?

पण हा हिशेब आपल्यासाठी आहे, मैत्रिणीला ऐकवायला नव्हे. का, ते पुढे येईल.

*कारण दिलं की दार उघडं राहतं*

आमच्या केंद्रातल्या दोन भगिनींची गोष्ट सांगतो. दोघी एकाच भजनी मंडळातल्या. एकीनं गडहिंग्लजच्या नणंदेच्या ओळखीनं ८,००० रुपयांचा पॅक घेतला आणि ती जॉइन झाली. अशा ठिकाणी पहिल्या मीटिंगलाच ओळखीच्या शंभर नावांची यादी करायला लावतात. यादीत पहिलं नाव अर्थातच दुसऱ्या भगिनीचं होतं. फोन आला, "आक्का, घरात हाईस काय? एक चांगली गोष्ट सांगायची हाय. आमचे सर पण येणार हाईत."

या आक्कांनी फोनवरच विचारलं, "कशाचं गं? बिझनेसचं हाय काय?" होय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग सरांना नको आणू. तू एकटी ये, चहा पिऊ या."

ही गोष्ट साधी वाटते, पण फार उपयोगाची आहे. सर घरात बसलेले असताना नाही म्हटलं की मैत्रिणीचा त्यांच्यासमोर अपमान होतो. शिवाय बोलण्यात तरबेज माणूस समोर असला की आपलीही जीभ अडखळते. नकार दोघींतच राहिला तर तो कुणालाच लागत नाही.

मैत्रीण आली, चहा झाला, तिनं वही उघडून प्लॅन दाखवायला घेतला. तेव्हा आक्का म्हणाल्या, "तुझ्या मनात माझं नाव पहिलं आलं, बरं वाटलं बघ. पण मी यात येणार नाही. माझं ठरलंय. हे तुझ्याबद्दल न्हाई, अशा कुठल्याच कामात मी पडत न्हाई." एवढंच, कारण दिलं नाही.

कारण का द्यायचं नाही? कारण तिला शिकवणीत प्रत्येक कारणाचं उत्तर दिलेलं असतं. "पैसे नाहीत" म्हटलं की "हप्त्यानं भर" किंवा "पैसे नाहीत म्हणूनच तर ये." "वेळ नाही" म्हटलं की "दिवसाला एक तास पुरे." "मिस्टरांना विचारतो" म्हटलं की संध्याकाळी सर मिस्टरांनाच भेटायला हजर. आणि "बघू" म्हटलं की यादीत आपल्या नावापुढे खूण होते आणि दर आठवड्याला फोन येतो. यात मैत्रिणीचा दोष नाही, तिला तसंच सांगितलेलं असतं. पण "माझं ठरलंय" याला त्या वहीत उत्तर नाही.

पंधरा दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. आक्कांनी तेच शब्द त्याच सुरात सांगितले. नवीन कारण जोडलं नाही, चिडल्या नाहीत. मग तिनं विचारलं, "बरं, निदान एक डबा तरी घे." इथं ज्यानं त्यानं आधीच ठरवून ठेवावं. वस्तू खरोखर लागणार असेल आणि किंमत पटत असेल तर गिऱ्हाईक म्हणून बिल मागून घ्यावी. नसेल तर "मला लागत नाही" म्हणावं. भिडेपोटी दर महिन्याला घेत राहिलो तर मनात कुरबुर साठते आणि ती एक दिवस भलत्याच वेळी बाहेर पडते.

*उपदेश का नको*

जॉइन झालेल्या माणसाला लीडर आधीच सांगून ठेवतात की घरचे, मैत्रिणी तुला नावं ठेवतील, ते नकारात्मक लोक आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. आपण भाषण सुरू केलं की लीडरचं म्हणणंच खरं ठरतं. तिनं ८,००० रुपये घातलेले असतात, नवऱ्याला सांगितलेलं असतं. आपण चूक दाखवली की ती स्वतःला राखण्यासाठी आणखी घट्ट धरते. फॅमिली ग्रुपवर फसवणुकीच्या बातम्या टाकणं हा तर चारचौघांत केलेला उपदेशच आहे. तोही टाळावा.

नकारानंतरचे आठ दिवस महत्त्वाचे असतात. ती शरमेनं फोन करत नाही आणि आपणही करत नाही, मैत्री तुटते ती इथं. आक्कांनी चौथ्या दिवशी फोन केला, "गुरुवारी आरतीला जाताना तुला हाक मारतो." त्यात बिझनेसचा विषय नव्हता. सात-आठ महिन्यांनी त्या मैत्रिणीच्या कपाटात न खपलेले डबे उरले. तेव्हा ती मोकळेपणानं बोलायला आली ती आक्कांकडेच, कारण "मी सांगितलं नव्हतं काय?" हे ऐकावं लागणार नाही याची तिला खात्री होती.

*गप्प बसू नये अशी वेळ*

दोन ठिकाणी मात्र गप्प राहणं हिताचं नाही. एक, ती दागिने गहाण टाकत असेल किंवा बचत गटाचं कर्ज यात घालत असेल. दुसरं, पावडर घेतली म्हणून स्वतःच्या किंवा कुणाच्या बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करत असेल. तेव्हा एकांतात, हळू आवाजात, एकदा बोलावं. "आजवर किती घातले आणि किती हातात आले, दोघी मिळून वहीत लिहू या काय?" गोळ्यांसाठी, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नको करू, मी येतो तुझ्यासोबत." ऐकलं तर बरं, नाही ऐकलं तर आपलं काम झालं. पण तिच्यासाठी उसने पैसे द्यायचे नाहीत, हेही आधीच ठरवून ठेवावं.

तिनं स्वतः विचारलं तर मात्र सगळं सांगावं. बाहेर पडायचं असेल तर आधी जॉइन झाल्याची तारीख बघावी, कारण थेट विक्रीच्या नियमांत सुरुवातीला दंडाशिवाय करार मोडण्याची मुदत ठेवलेली आहे. ती किती दिवसांची, हे कराराच्या कागदावर असतं. बिलं जपावीत, डबे फोडू नयेत, परतीची मागणी लेखी करावी. कंपनीनं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

शेवटी केंद्राची एक विनंती. सेवेकऱ्यांच्या नावांची आणि नंबरांची वही सत्संगासाठी आहे, कुठल्याही जॉइनिंगसाठी ती वापरू नये. "गुरूंनीच मला तुझ्याकडे पाठवलं" असं म्हणून कुणी योजना घेऊन आलं, तरी उत्तर तेच, "माझं ठरलंय." आणि त्याच भगिनीला गुरुवारच्या आरतीला सोबत घेऊन यावं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏