शुद्धिपत्रक कोण वाचणार?

२८ जून २०२४ रोजी मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय निघाला. अर्जाची मुदत १५ जुलै, वयाची मर्यादा २१ ते ६० वर्षे, कुटुंबाकडे पाच एकरांपेक्षा जास्त जमीन नसावी, अधिवास आणि उत्पन्नाचे दाखले जोडावेत, असे त्यात होते. दाखल्यांसाठी राज्यभर तहसील कचेऱ्यांसमोर आणि सेतू केंद्रांसमोर रांगा लागल्या. मग ३ जुलैला दुसरा शासन निर्णय आला. मुदत ३१ ऑगस्टपर्यंत गेली, वयाची मर्यादा ६५ झाली आणि पाच एकरांची अट निघाली. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्यांना उत्पन्नाच्या दाखल्याची गरज उरली नाही. अधिवासाच्या दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल, असे ठरले.

पाच दिवसांत नियम बदलले, पण २८ जूनची माहिती उतरवून घेतलेली पाने आणि संदेश तसेच फिरत राहिले. पाथर्डीत किंवा जामखेडात सहा एकर कोरडवाहू जमीन असलेल्या बाईने असे पान वाचले असेल, तर आपण बसत नाही असे समजून ती घरीच बसली असणार. त्या पानावरची माहिती कधीकाळी खरी होती, म्हणून तर तिच्या खरेपणाची शंका कुणाला येत नाही.

सरकारी सूचना म्हणजे एकच कागद, असे आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. जाहिरात निघते, मागून शुद्धिपत्रक येते, मग मुदतवाढ, कधी स्थगिती, कधी रद्दबातल. भरतीची माहिती देणाऱ्या खासगी संकेतस्थळाचे उत्पन्न पानाला मिळणाऱ्या भेटींवर अवलंबून असते. पहिल्या जाहिरातीला लाखो भेटी मिळतात, शुद्धिपत्रकाला फारशा मिळत नाहीत. त्यामुळे पहिला कागद घाईने टाकला जातो, शीर्षक ताणले जाते आणि दुसरा कागद मागे राहतो. अशी संकेतस्थळे चालवणारे सगळे लबाड असतात असे मी म्हणत नाही. पण चुकलेल्या तारखेची किंमत त्यांना मोजावी लागत नाही, ती उमेदवाराला मोजावी लागते.

आपल्या नगर जिल्हा परिषदेची २०२३ ची भरती घ्या. राज्यातल्या ३४ जिल्हा परिषदांची भरती एकाच वेळी निघाली. ५ ते २५ ऑगस्ट अशी अर्जाची मुदत होती. शुल्क खुल्या प्रवर्गाला १००० रुपये आणि मागास प्रवर्गाला ९०० रुपये होते. नगरच्या जागा होत्या ९३७. एवढा एक आकडा आणि ‘अर्ज करा’ हे बटण, यावर पुष्कळांचे वाचन संपते. पण ९३७ हा आकडा उमेदवाराच्या काहीच कामाचा नाही. त्याला हवा असतो तो मूळ जाहिरातीतला तक्ता: त्याच्या संवर्गाच्या किती जागा आहेत, त्यातल्या त्याच्या प्रवर्गाला किती, त्यात महिला, माजी सैनिक, खेळाडू यांचे समांतर आरक्षण किती. शिवाय नगर हा पेसा लागू असलेल्या तेरा जिल्ह्यांपैकी एक आहे. अकोले तालुक्याच्या अनुसूचित क्षेत्रातल्या ठरावीक संवर्गांच्या जागा तिथल्या स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी असतात. राजूरच्या मुलीला तिचा हक्क याच तक्त्यात सापडतो, आणि कर्जतच्या मुलालाही आपल्यासाठी नसलेल्या जागा तिथेच कळतात. दोघांनी शुल्क भरण्याआधी तो तक्ता पाहायला हवा.

मूळ कागद ओळखायचा कसा? पत्ता उजवीकडून वाचावा. `https://` नंतरच्या पहिल्या तिरप्या रेषेच्या आधीचा भाग `.gov.in` किंवा `.nic.in` ने संपला पाहिजे. ही अक्षरे मध्ये कुठेतरी असून किंवा आडव्या रेघेने जोडलेली असून शेवटी `.com` असेल, तर ते पान सरकारचे नाही. शासन निर्णय असेल तर `gr.maharashtra.gov.in` वर जावे. प्रत्येक शासन निर्णयाच्या अखेरीस एक लांबलचक संकेतांक छापलेला असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे तारीख. २८ जूनच्या निर्णयाचा संकेतांक `20240628` ने सुरू होणार. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवरचा संकेतांक तिथे टाकला आणि मिळणारा कागद तिच्याशी ताडून पाहिला, तर कागद खरा की बनावट हे लगेच कळते. तो खरा निघाला तरी तेवढ्यावर थांबू नये. त्याच विभागाचे नंतरचे निर्णय चाळले, तरच तो अजून लागू आहे की नाही हे समजेल.

इथे एक अडचण आहे. भरतीचा अर्ज पुष्कळदा सरकारी पत्त्यावर नसतो. जिल्हा परिषदेच्या त्या भरतीचे अर्ज आयबीपीएसच्या `ibps.in` वर भरले गेले, पोलीस भरतीचे `mahait.org` वर. म्हणून शेवटची अक्षरे पाहणे पुरत नाही. आधी संबंधित कार्यालयाच्या सरकारी संकेतस्थळावरची जाहिरात उघडावी आणि तिच्यात छापलेल्या दुव्यानेच अर्जाकडे जावे. तिसऱ्याच पानावरच्या बटणाने जाऊ नये. शुल्क एखाद्या व्यक्तीच्या मोबाइल क्रमांकावर मागितले, तर तिथेच थांबावे.

निविदांचे काम त्या मानाने सोपे आहे. `mahatenders.gov.in` वर निविदा पाहायला पैसे लागत नाहीत की नोंदणी लागत नाही. डिजिटल स्वाक्षरी लागते ती बोली भरताना. शुद्धिपत्रकेही तिथेच असतात. तरीही आपले लहान ठेकेदार वर्गणी भरून तीच यादी दुसऱ्याकडून घेतात. जिल्ह्याचे नाव ऑक्टोबर २०२४ मध्ये बदलले, म्हणून ‘अहमदनगर’ आणि ‘अहिल्यानगर’ अशी दोन्ही नावे टाकून शोधावे.

आता कार्यालयांबद्दल. लोक खासगी पानांकडे वळतात ते केवळ आळसाने नव्हे. कार्यालय जाहिरात छापते, सही-शिक्का घेते, स्कॅन करते आणि तो फोटो चढवते. फोटोतली अक्षरे शोधयंत्राला सहसा नीट सापडत नाहीत. कधी मजकूर युनिकोडऐवजी जुन्या फाँटात असतो, तोही शोधात येत नाही. खासगी संकेतस्थळ तोच मजकूर टंकून टाकते, म्हणून गुगलवर ते आधी दिसते आणि मूळ कागद खाली गाडला जातो. ही चूक सरकारची आहे आणि ती तिथेच दुरुस्त झाली पाहिजे.

तशी मागणी करण्याचा अधिकार या जिल्ह्याला शिकवावा लागू नये. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्याने राज्याला माहितीचा अधिकार मिळाला, आणि २००५ मध्ये देशाचा कायदा आला. त्या कायद्याचे कलम ४ सांगते की कार्यालयाने न मागता माहिती प्रसिद्ध करावी आणि ती लोकांना सहज मिळेल अशा रीतीने करावी. शोधता न येणारा फोटो हे ‘सहज’ नव्हे.

आणि आपण? गावच्या ग्रुपवर भरतीचा संदेश पुढे ढकलणारा माणूस बहुधा भल्या मनाचाच असतो. पण मूळ जाहिरातीचा दुवा न जोडता तो संदेश पाठवतो, तेव्हा विश्वास ठेवणाऱ्या पोराला तो आपली न तपासलेली खात्री देतो. अशा चुकीमुळे एखाद्याची वयोमर्यादा निघून गेली, तर ते वर्ष त्याला कुणी परत देत नाही. म्हणून ग्रुप चालवणाऱ्यांनी नियम करावा: जाहिरात क्रमांक आणि सरकारी पानाचा दुवा नसेल, तर तो संदेश काढून टाकायचा. ग्रामपंचायतीने आपल्या फलकावर मूळ जाहिरात लावावी, वर छापल्याची तारीख घालावी आणि शुद्धिपत्रक आले की ते त्याच कागदाला टाचावे. जिल्हा परिषदेकडे माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जाने एवढेच विचारावे: गेल्या भरतीतले प्रत्येक शुद्धिपत्रक कोणत्या तारखेला निघाले, संकेतस्थळावर कोणत्या तारखेला चढले, आणि ते शोधता येईल अशा मजकुरात होते की फोटोत?