नकाराची हद्द

नकार पुढे आणून क्रम उलटवणारी इंग्रजीतली रचना आमगावच्या मुलांना ठळकपणे भेटते ती बारावीच्या व्याकरणात. 'ॲज सून ॲज' असलेलं वाक्य दिलेलं असतं आणि ते 'नो सूनर' वापरून पुन्हा लिहायचं असतं. उत्तर असं येतं: 'नो सूनर डिड द ट्रेन लीव्ह आमगाव दॅन द रेन बिगॅन.' चुका बहुधा ठरलेल्या असतात. 'डिड' आल्यावरही पुढे 'लेफ्ट' तसंच राहतं, किंवा 'हार्डली हॅड'च्या जोडीला 'व्हेन' यायला हवं तिथे 'दॅन' येतं. मग मुलं एक नियम पाठ करतात: 'नेव्हर', 'हार्डली', 'नॉट ओन्ली' वाक्याच्या तोंडाशी आले की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी घ्यायचं, कारण त्याने जोर येतो.

या नियमावर गुण मिळतात, पण एक प्रश्न उरतो. नुसता जोर द्यायचा असेल, तर शब्द पुढे आणला की काम व्हायला हवं. आपल्याकडे तसंच होतं. 'कधीच मी असा पूर पाहिला नाही' म्हणताना 'कधीच' पुढे आला, बाकी वाक्य जागेवर राहिलं. मराठी असो, हिंदी असो की आमगाव भागातली पोवारी, क्रियापद सहसा शेवटी बसतं आणि बरेचदा नकारही त्याच्याजवळच राहतो. म्हणून 'नेव्हर आय हॅव सीन' हे आपल्या मुलांना अगदी सरळ वाटतं. 'नेव्हर हॅव आय सीन' मात्र प्रश्नासारखं ऐकू येतं.

याचं अर्धं उत्तर इतिहासात सापडतं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापद बरेचदा वाक्यात दुसऱ्या जागी येई. पहिली जागा 'मग', 'तिथे', 'आज' अशा एखाद्या शब्दाने घेतली, की कर्ता क्रियापदाच्या मागे सरकायचा. जर्मनमध्ये आजही असंच चालतं. इंग्रजीत मात्र ही सवय हळूहळू सुटली आणि कर्ता आधी, क्रियापद नंतर हा क्रम पक्का झाला. साधारण 1400 ते 1700 या काळात 'डू'चा आधार घेण्याची पद्धत वाढली आणि मुख्य क्रियापद कर्त्याच्या पुढे जायचं जवळजवळ थांबलं. जुनी उलटापालट काही मोजक्या जागांवर टिकली, तीही बहुतेक सहायक क्रियापदापुरती. त्यांतल्या दोन मोठ्या जागा म्हणजे प्रश्न आणि पुढे आणलेला नकार. म्हणूनच दोन्हींचा सांगाडा सारखा दिसतो.

पण ही जुनी सवय इतर ठिकाणाहून गेली आणि नकारापाशीच का राहिली? 1964 मध्ये एडवर्ड क्लिमा यांनी इंग्रजीतल्या नकारावर जो निबंध लिहिला, त्यानंतर या प्रश्नाकडे पाहण्याची दिशा बदलली. नकाराचा शब्द वाक्यात आहे एवढं पुरेसं नसतं, त्याची हद्द कुठवर जाते हे पाहावं लागतं. 'विथ नो जॉब, मेरी वुड बी हॅपी' म्हणजे नोकरी नसली तर मेरी सुखात राहील. 'विथ नो जॉब वुड मेरी बी हॅपी' म्हणजे कुठल्याच नोकरीत मेरी सुखी होणार नाही. शब्द तेच, फक्त 'वुड'ची जागा बदलली आणि अर्थ उलटला. पहिल्या वाक्यात नकार नोकरीपाशी थांबतो, दुसऱ्यात तो पूर्ण वाक्यावर पसरतो. सहायक क्रियापद पुढे येतं ते ही हद्द दाखवायला. जोर त्याच्याबरोबर येतो, पण मला तो दुय्यम वाटतो.

हे एकदा लक्षात आलं की पाठांतराने न सुटणारी उदाहरणं सुटतात. 'ॲट नो टाइम वॉज ही अलोन' यात उलटा क्रम हवा, कारण तो एकटा कधीच नव्हता. 'इन नो टाइम ही वॉज बॅक' यात 'नो' आहे, तरी क्रम सरळ, कारण तो क्षणात परत आला, त्याच्या परतण्याला नकार नाही. 'हार्डली'त नकाराचा शब्द दिसत नाही, अर्थ मात्र नकाराकडे झुकतो. मराठीत आपण 'गाडी सुटते न सुटते तोच' म्हणतो, तेव्हा तो 'न' उघडपणे बोलतो.

'नॉट ओन्ली'त सर्वांत जास्त गोंधळ होतो. एका शेतकऱ्याने धान विकलं आणि बियाणंही घेतलं. 'नॉट ओन्ली डिड द फार्मर सेल हिज पॅडी, बट ही ऑल्सो बॉट सीड.' इथे विकणं नाकारलेलं नाही. 'एवढंच झालं' हे नाकारलं आहे आणि तो नकार पहिल्या पूर्ण उपवाक्यावर आहे. म्हणून 'डिड' तिथेच येतो. 'बट'नंतरचा भाग होकारी असल्याने त्याचा क्रम सरळच राहतो, आणि तिथे पुन्हा 'डिड ही' लिहिणं चूक ठरतं. आता धान शेतकऱ्याने विकलं आणि त्याच्या भावानेही विकलं असं म्हणायचं असेल, तर 'नॉट ओन्ली द फार्मर बट ऑल्सो हिज ब्रदर सोल्ड पॅडी.' वाक्य 'नॉट ओन्ली'नेच सुरू झालं, पण त्याची हद्द कर्त्यापुरतीच आहे, आणि 'डिड'ला इथे जागाच नाही.