विमत्सर (गीता ४.२२)

काल धाकट्याचा फोन आला, मी उचलला नाही. त्याने बाणेरला मोठा फ्लॅट घेतलाय. मी अजून कात्रजच्या वन बीएचकेत. 'मीटिंगमध्ये होतो' असा मेसेज टाकला. खोटाच.

या श्लोकात आधी आपोआप मिळेल त्यात संतोष येतो, मग 'विमत्सर', मग यशापयशात समता. कंपनीच्या मालकाचा मला मत्सर वाटत नाही. एका ताटात जेवलेल्या भावाचा वाटतो. कारण सुरुवात एकच होती, म्हणून त्याच्या यशाने मी माझं अपयश मोजतो.

निवृत्तिनाथ थोरले, शिवाय गुरू. तरी ग्रंथ ओळखला जातो धाकट्याच्या नावाने. ज्ञानेश्वरीत शिष्य गुरूचं नाव पुन्हा पुन्हा घेतो. गुरूला स्वतःचं मोजमाप काढावंसं वाटलं नाही.

आज फोन मी करणार. मीटिंग नव्हती, हे आधी सांगणार.