किलोमागे मीठ किती?

पाककृतीच्या शेवटी 'मीठ चवीनुसार' असं लिहून मोकळं होता येतं, कारण रस्सा उकळत असताना चमचाभर हातावर घेऊन चाखता येतो. कमी वाटलं तर घाला, जास्त झालं तर नारळाचं दूध आहे, बटाटा आहे. आपल्याकडे चिकनला आधी हळद, मीठ आणि आलं-लसूण चोळून ठेवतात, पण तिथंही पुढं रस्स्यात चूक सावरता येते. टिक्क्याचं तसं नाही. दह्यात मुरलेलं चिकन एकदा शिगेवर किंवा तव्यावर गेलं की मीठ आत पोहोचवायची वेळ निघून गेलेली असते, आणि कच्चं चिकन काही चाखता येत नाही. म्हणून इथं मीठ मोजून घ्यावं, तेही वजनावर.

हिशेब सोपा आहे. हाडं काढलेलं एक किलो चिकन, त्याला साधारण 200 ग्रॅम चक्का, 50 ग्रॅम आलं-लसणाचं वाटण, आणि लिंबू, तेल, मसाले मिळून आणखी 50 ग्रॅम धरू. सगळं मिळून 1300 ग्रॅम झालं. मुरल्यावर मीठ या सगळ्यात पसरणार, म्हणून ते एकट्या चिकनवर न धरता एकूण वजनावर धरायचं. शेकडा सव्वाच्या आसपास मीठ बहुतेकांच्या जिभेला नेमकं लागतं, म्हणजे 15 ते 16 ग्रॅम. बारीक मिठाचे हे साधारण अडीच सपाट छोटे चमचे होतात. हाडांसकट किलो असेल तर त्यातला पाव ते तिसरा हिस्सा हाडांचा असतो आणि हाड मीठ खात नाही. तिथं 12 ग्रॅम पुरतात. खडा मीठ भरड असतं, चमच्यात सैल बसतं, त्यामुळे चमच्याचा हिशेब चुकतो. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा आता घरोघरी दिसतो, तो याच कामासाठी वापरावा.

खरी फसगत होते ती चाखण्यात. मसाला कालवून झाला की, चिकन घालण्याआधी, आपण बोटावर घेऊन चव बघतो. त्या 300 ग्रॅम मसाल्यात 15 ग्रॅम मीठ म्हणजे शेकडा पाच. समुद्राचं पाणी साडेतीन असतं. साहजिकच तोंड वाकडं होतं, आपण घाबरतो आणि पुढच्या खेपेला मीठ निम्म्यावर आणतो. मग टिक्का वरून झणझणीत आणि आत पांचट लागतो, आणि दोष चिकनला दिला जातो. कालवलेला मसाला जेवणाइतकाच चवदार लागत असेल तर त्यात मीठ नक्की कमी आहे, हे मनाशी पक्कं करावं. पहिल्यांदा करताना खात्री हवी असेल तर मुरलेला एक छोटा तुकडा तव्यावर पूर्ण शिजवून खाऊन बघावा. कमी वाटलं तर लिंबाच्या रसात चिमूटभर मीठ विरघळवून बाकीच्या तुकड्यांना चोळता येतं आणि तासभर थांबता येतं.

मिठाला वजनाचा नियम लागतो, मसाल्यांना मात्र तो तसाच लागत नाही. मीठ पाण्यात विरघळून मांसात शिरतं, तिथली प्रथिनं सैल करतं आणि भाजताना रस धरून ठेवायला मदत करतं. तिखट, धने, गरम मसाला यांचा वास आणि रंग मुख्यतः वरच राहतो; रात्रभर ठेवलं तरी ते फार खोल जात नाहीत. म्हणजे मसाला लागतो तो तुकड्यांच्या पृष्ठभागाला. बोनलेसचे लहान तुकडे केले की पृष्ठभाग वाढतो, त्यांना किलोमागे काश्मिरी तिखटाचे चार सपाट चमचे आणि गरम मसाल्याचा दीड चमचा मी घालते. तंगड्या असतील तर त्यातून थोडं कमी केलं तरी चालतं, पण हाडापर्यंत खोल चिरा द्यायच्या, म्हणजे मिठाची वाट जवळ होते.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी मीठ, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि आलं-लसूण नुसत्या चिकनला चोळून अर्धा तास ठेवावं, मग चक्का, मसाले आणि मोहरीचं तेल. चक्का म्हणते आहे, दही नव्हे. 200 ग्रॅम चक्क्यासाठी अर्धा किलोच्या आसपास दही फडक्यात टांगावं लागतं. तो कंटाळा करून पातळ दही घातलं तर चार तासांनी भांड्याच्या तळाशी गुलाबी पाणी दिसतं. असे तुकडे आचेवर ठेवले की आधी ते पाणी आटतं, चिकन वाफेवर शिजतं आणि काळसर डाग पडायच्या आत कोरडं होतं. पाणी दिसलंच तर तुकडे निथळून दुसऱ्या भांड्यात घ्यावेत आणि दोन चमचे भाजलेलं बेसन चोळावं. दही फार आंबट असेल तर रात्रभर ठेवू नये. वरचा थर पिठूळ होतो. फ्रिजमध्ये चार ते सहा तास पुरे.

आता पनीर. इथं बरेच जण किलोला किलो असा हिशेब लावतात आणि चिकनचंच प्रमाण उचलतात. पनीर म्हणजे घट्ट दाबलेलं दुधाचं प्रथिन. मीठ त्यात फार हळू शिरतं आणि दह्याच्या आंबटपणाने त्यात मऊ होण्यासारखंही काही नसतं. चिकनचे 15 ग्रॅम पनीरच्या मसाल्यात घातले तर ते तिथंच बसून राहतात. पहिल्या घासाला जीभ खारट होते, आणि तुकडा चावला की आत नुसतं फिकं दूध. म्हणून पनीरचं मीठ दोन ठिकाणी वाटावं. किलोभर पनीरचे दीड सेंटीमीटर जाडीचे तुकडे करून त्यांना थेट चार-पाच ग्रॅम मीठ हलक्या हाताने लावावं, पंधरा मिनिटांनी सुटलेलं पाणी टिपून घ्यावं. मग वरच्या मसाल्यात सहा-सात ग्रॅमच घालावं. चक्का मात्र चिकनपेक्षा जास्त, अडीचशे ग्रॅमपर्यंत, आणि बेसन तीन मोठे चमचे, कारण चव सगळी त्या लेपातच असणार आहे आणि तो पनीरच्या गुळगुळीत अंगावरून घसरतो. या मसाल्याची चव मात्र कालवतानाच बघावी आणि तिच्यावर विश्वास ठेवावा: जेवताना लागेल त्याहून जरा खारट, बस. अर्ध्या तासात भाजायला घ्यावं. जास्त ठेवलं तर मीठ पनीरमधलं पाणी ओढून लेप पातळ करतं. वरून चाट मसाला भुरभुरणार असाल तर त्यातलं काळं मीठही लक्षात घ्यावं.

घरात दोन्ही खाणारे असले की एकच मोठं भांडं कालवायचा मोह होतो. कालवावं खुशाल, पण मिठाशिवाय. चक्का, वाटण, मसाले, तेल एकत्र करावं, पनीरचा वाटा आधी वेगळ्या भांड्यात काढावा, त्याला कच्च्या चिकनचा हात लागण्याआधी, आणि मग ज्याचं त्याचं मीठ काट्यावर मोजून घालावं.