पहाटेचं स्वप्न

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपण ऐकत आलो. कोकणातल्या शाखेत मी ड्राफ्टच्या खिडकीवर असताना, दुबईला गेलेल्यांच्या बायका पैशांची चौकशी करता करता स्वप्नंही सांगायच्या. एकीला नवरा अनवाणी दिसला. "भाऊ, त्यांचं काही बरं नाही हो." ड्राफ्टला बारा दिवस उशीर झाला होता, आणि आदल्याच दिवशी मुलाची चप्पल तुटली होती!

बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला सांगतात, की स्वप्नात ना रथ असतात ना रस्ते. जागेपणीचं सामान घेऊन जीवच ते रचतो. इथे अनवाणी पाय घरातले, काळजी ड्राफ्टची. पहाटेचं म्हणाल तर स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात लांबते आणि लगेच जाग येते, म्हणून ते लक्षात राहतं. आपल्याकडे पाच, तेव्हा दुबईत साडेतीन. तो बिचारा घोरत असणार.

म्हणजे बातमी म्हणून स्वप्न पोकळ. ओढ मात्र खरी, पण ती तिची. "त्यांना लिहू का हे?" तिने विचारलं. आठवण येते एवढं जरूर लिहावं. अनवाणी पाय कशाला? पत्र पोचायला दिवस, उत्तराला तितकेच, आणि तोवर तिकडे तो एकटा.